वाटीभर भात

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दुपारी एक वाटी भात, दोन लहान पोळ्या." गोदावरीबाईंनी ते शिरसावंद्य मानलं. शरदरावांची साखर भलतीच वाढलेली. महाडच्या कोर्टात कारकुनी करणारा हा गरीब माणूस, भात दिसला की वकिलांनाही विसरणारा. बाईंनी त्यांच्यासाठी वेगळी पातेली काढली आणि रोज वाटी मोजून भात लावू लागल्या.

महिना गेला, साखर जागची हलेना. आता इन्शुलिनची भाषा सुरू झाली. बाईंनी सरळ नवऱ्याला धरलं. "स्टँडवर वडे चापता ना?" ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणाले, "हो, खातो एखादा." बाईंना कोण आनंद! शेजारच्या बनुबाईंपर्यंत बातमी गेली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी वाटी आणायला सांगितली होती. शरदराव रक्त द्यायला आत गेले, तेव्हा बाईंनी ऐटीत ती पुढे केली.

"वाटी ठीक आहे. भात सपाट भरता की शीग लावून?"

"भात कुठला? तांदूळ! सपाट वाटीभर तांदळाचा भात लावते."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, वाटीभर तांदळाचा भात जवळजवळ तीन वाट्या होतो! मी शिजलेला म्हणाले होते."

आपण घरात असंच तर बोलतो, वाटीभर भात लाव म्हणून! गोदावरीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एवढ्याशा भातानं यांचं पोट कसं भरायचं, हेही त्यांनी रडकुंडीला येऊन विचारलं.

"आधी काकडी आणि भरपूर पालेभाजी. मग पोळीबरोबर वाटीभर घट्ट उसळ. भात शेवटी, सावकाश. आणखी हवा वाटला तर पंधरा मिनिटं थांबा."

रविवारी दुपारी बाईंनी तसंच वाढलं. शिजलेल्या भाताची वाटी ताटात उपडी केली, तर मूद केवढीशी! शरदराव नेहमीच्या सवयीनं निमूट जेवले. पाव तासानं बाईंनी भीतभीत विचारलं, "भूक आहे अजून?"

"नाही गं. भरलं पोट."

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. साखर तुमच्या वड्यांनी नव्हे, माझ्या भातानं चढली. सांगताना नवऱ्याकडे बघायची हिंमत होईना.

शेवटी बाईंनीच विचारलं,

"वडे खाल्ले होते का हो तुम्ही?"

"एकसुद्धा नाही."

"मग कबूल का केलंत?"

"तू रुसून दोन दिवस जेवली नव्हतीस, गोदे. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना तुझे हात थरथरत होते."

गोदावरीबाईंचं ताट अजून वाढायचं होतं. शरदरावांनीच उठून ते वाढलं आणि समोर ठेवलं.