फोटोपुरतं

पार्वताबाई अमरावतीच्या दवाखान्यात वारली, त्याच सकाळी प्रणालीचा फोन आला. इंटरनेटवर आजारी माणसांसाठी देणग्या जमवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती.

महिन्यापूर्वी तिने फोटो मागितला, तेव्हा खुशालरावांनी बायकोला जरीचं लुगडं नेसवलं, ठसठशीत कुंकू लावलं आणि उशीला टेकवून बसवलं. फोटो म्हटला की माणसाने नीट दिसावं, एवढंच त्यांना ठाऊक. हृदयाची झडप बदलायला पाच लाख हवे होते. कंपनीच्या साइटवर तिच्या नावाने उघडलेल्या पानावर तीन आठवड्यांत अकरा हजार आले.

"काका, लोक फोटो बघून देतात. काकू आजारी वाटतच नाहीत. नाकातली नळी दिसू द्या, चेहरा कोरा ठेवा," प्रणालीने सांगितलं.

खुशालरावांनी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं.

"मी जित्ती हाय ना अजून? कुंकू काहून पुसता?" पार्वताबाई म्हणाली.

"फोटोपुरतं वं. मंग लावून देतो."

नवा फोटो पाठवला. त्याच संध्याकाळी तिला धाप लागली आणि डॉक्टरांनी आयसीयूत नेलं. त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही; सकाळी गेली, आणि प्रणालीचा फोन आला.

"काका, नवा फोटो चालला! रात्रीतून साडेचार लाख!"

"थे गेली, पोरी."

"दवाखान्याचं बिल तरी भागेल, काका. आज पान बंद करत नाही."

तेरवी झाली. त्या पानावर पार्वताबाई कोऱ्या कपाळाने बघते आहे आणि खाली 'हिला वाचवा' असं लिहिलेलं आहे. लोक अजून पैसे पाठवतात. पान बंद करायचं राहिलंच आहे.