सगळ्यांना वाचता येणारी फाईल

मंचर शाखेचा बॅकअप सकाळपासून जुन्नरच्या सर्व्हरवर येईना. फाईली पाठवणारं आरसिंक एकच घोकत होतं, ‘ऑथ फेल्ड ऑन मॉड्यूल’, म्हणजे नाव-पासवर्ड मान्य नाही.

फोनवर मंचरचा दादाभाऊ तापला होता. “वैजूताई, पासवर्ड तुमीच बदलला.”

मी पुन्हा तपासलं. कॉन्फिगमधलं युजरचं नाव आणि सर्व्हरवरच्या सीक्रेट्स, म्हणजे पासवर्डच्या फाईलमधलं नाव एकच, पासवर्डही जुनाच. मग सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडला. फाईल इतरांनाही वाचता येते, म्हणून आरसिंकने ती नाकारली होती.

“काल इथं जुन्नरला येऊन फाईलच्या परवानग्या कुणी बदलल्या?”

“मीच. तुमी पासवर्ड बदलला तर माझ्या लॉगिनवरनं मला दिसाय नको व्हय?”

मी ‘चमॉड ६००’ करून फाईल इतरांसाठी बंद केली. बॅकअप धावायला लागला.

दादाभाऊ फोन ठेवीना. “ताई, आता ती फाईल मला उघडंना.”