दारावरची रेघ

निवृत्तीनंतर मी दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला येणाऱ्या मुलांना गणित शिकवते; मुलं मला आजी म्हणतात. त्यातली मिरी तेरा वर्षांची, थॅलेसेमियाची, आणि दिसायला जेमतेम नऊची. त्या दिवशी ती आईबरोबर आली, सोबत तिचे काका. काकांना जगातलं सगळं कळतं; एक गप्प बसणं तेवढं राहून गेलंय.

"दोन इंच वाढली!" त्यांनी दारातूनच पुकारलं. "घरी दारावर रेघ मारलीय मी. सहा महिने माझं लोहाचं टॉनिक, आणि त्या गोळ्या बंद. गोळ्यांनीच वाढ खुंटते. दूधही बंद, कफ होतो."

आईने मान खाली घातली. थोरल्या दिरापुढे बोलायची तिची छाती नव्हती.

"लोह कशाला दिलंत?" मी विचारलं.

"रक्त कमी म्हणजे लोह कमी. पाचवीतलं पोर सांगेल."

"म्हणूनच त्याला अजून पाचवीत ठेवलंय."

मिरी फिसकन हसली. मी वहीत मटार काढला. "हे बघ बाळ. रक्त कमी पडलं की हाडांतला मगज ते बनवायला धडपडतो आणि वाढीची ताकद खाऊन टाकतो. म्हणून रक्त चढवायचं. पण रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. मेंदूखाली मटाराएवढी ग्रंथी असते, वाढीचा हुकूम तिथून सुटतो. लोह तिथेही साचतं. तुझ्या गोळ्या ते बाहेर काढतात."

"पुस्तकी!" काका म्हणाले.

नर्सताईंनी मिरीला उंचीच्या पट्टीला उभं केलं. चपला काढल्या, टाचा भिंतीला, नजर समोर. सहा महिन्यांपूर्वीचाच आकडा. मिलिमीटरचाही फरक नाही.

"पट्टी चुकीची असेल," काका म्हणाले.

"मीच टाचा उचलल्या होत्या," मिरी हळूच म्हणाली. "तुम्ही रोज रेघेपाशी उभं करायचात. मला वाटलं, एकदा वाढले की सोडाल."

काका रुमालाने मान पुसत राहिले. तेवढ्यात डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या. लोहाचा आकडा तिप्पट झाला होता.

"मनगटाचा एक्स-रे पाहिला," त्या आईला म्हणाल्या. "हाडं अजून वाढू शकतात. पण वाढीची दारं कायम उघडी राहत नाहीत. गोळ्या आजपासून. रक्ताची तारीख चुकवायची नाही, आणि दूध, डाळ, अंडी पोटभर. ड जीवनसत्त्व आणि जस्त तपासून लागेल तेवढं देऊ. ग्रंथींच्या डॉक्टरांनाही दाखवू. किती भरून निघेल ते आज सांगता येणार नाही."

"पण माझं टॉनिक—" काकांनी तोंड उघडलं.

"भावजी, पुरे," आई म्हणाली. हातातल्या पिशवीतली टॉनिकची बाटली काढून तिने बेसिनमध्ये उपडी केली. काका तांबड्या ओघळाकडे पाहत राहिले, जणू त्यांचंच रक्त चाललं होतं.

मिरी पलंगावर चढली, सुईसाठी हात पुढे केला.

"आजी, तीन महिन्यांनी परत मोजतील ना? तेव्हा तुम्ही माझ्या टाचा धरून ठेवा. घट्ट."