टाकीतला दगड

आमचे हे प्लंबर होते, आणि आमच्याच संडासाचा फ्लश गळत होता. यावर सगळी बिल्डिंग हसली, मी मात्र हसले नाही. "उद्या करतो," हे ऐकून माझे कान किटले होते. लेकीच्या बाळंतपणाला निघाले त्या सकाळी, चौदा तारखेला, मी बॅग उचलताना चांगलंच सुनावलं, "लोकांच्या घरी धावता, आणि घरचं काम तुमच्या हातून व्हायचं नाही." त्यांनी फक्त चप्पल सरकवून दिली. मी तिकडे असतानाच, तिसऱ्या आठवड्यात ते वारले. बॅग उचलतानाचं तेच माझं शेवटचं धड बोलणं. नंतर फोनवर काय, बाळ कसं आहे, जेवलात का, एवढंच.

मी धावत आले, दहावं-तेरावं झालं, त्या गर्दीत टाकीकडे माझं लक्षही गेलं नाही. माणसं पांगली आणि मी घराला कुलूप लावून पुन्हा लेकीकडे गेले. सहा महिन्यांनी परतले तर टाकी गळतच होती. बारीक, अखंड, कुणी शेजारच्या खोलीत पुटपुटावं तशी. मला रागच आला. गेलेल्या माणसावर रागावणं वाईट असतं, पण मी रागावले, आणि दोन महिने रागावलेलीच राहिले. दुरुस्त मात्र केलं नाही. तेवढा तरी माणूस घरात आहे असं वाटायचं.

मग खालच्या मजल्यावरची शेजारीण आली. "काकू, सगळ्यांचं पाणी दुपारीच संपतंय. उद्या सोसायटी प्लंबर पाठवणार आहे."

"कशाला? मी करते," मी म्हणाले. ह्यांच्या टाकीत दुसऱ्या कुणी हात घालावा, हे मला बघवलं नसतं.

चाळीस वर्षं मी त्यांच्यासाठी बॅटरी धरली होती. काम मला ठाऊक होतं. टाकीखालचा कॉक बंद केला, फ्लश दाबून टाकी रिकामी केली, झाकण काढून पालथं ठेवलं. आत बघून थबकले. आमच्याकडचं पाणी जड. भिंतींवर पिवळट-तपकिरी थर चढला होता, फ्लोटचा दांडा जाडजूड झाला होता, आणि तळाचा व्हॉल्व्ह तर दगडात रुतून बसलेला. अर्धा आटा फिरवला की तो सुटतो. माझ्याच्यानं हलला नाही.

बाजारातलं जहाल ॲसिड मी आणलं नाही. ते रबर खातं, आणि ब्लीचशी गाठ पडली तर माणसालाही. लिंबूसत्त्वाचं अख्खं पाकीट कोमट पाण्यात विरघळवलं, टाकीत ओतलं. वरच्या भिंतींना त्याच पाण्यात बुडवलेली जुनी फडकी चिकटवली. झिरपून पाणी उतरलं की पुन्हा भर घालायची. खालच्या संडासाच्या भांड्यालाही तेच औषध.

लगेच बुडबुडे सुटले. बारीक सी-सी आवाज. झरोक्यातून ऊन आलं होतं, ते पाण्यावर हलत छतावर गेलं. मी दारात पाट टाकून बसले, भिंतीला टेकले, आणि डोळा लागला की नाही ते सांगता येत नाही. संडास मोठा होत गेला. छतावर पाणी चालत होतं. हे स्टुलावर पाठमोरे बसले होते, बाही वर सारलेली. मी म्हणाले, "आता आलात होय?" त्यांनी मान वळवली नाही. मागे न बघता हात पसरला, पान्हा मागताना पसरायचे तसा, आणि मी त्या हातात काहीच ठेवू शकले नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून निघून गेलं होतं. ब्रश फिरवला. थर मऊ पडला होता, पापुद्रे निघाले. खालून पांढरी शुभ्र टाकी. व्हॉल्व्ह धरून फिरवला, आणि तो गपकन हातात आला.

त्याचा वायसर लाल होता. आमचा जुना काळा होता, फाटलेला, मी स्वतः पाहिलेला. हा बोटानं दाबला तर अजून मऊ. कडेला नुसते खडे बसलेले, तेवढ्यानंच तो बसक्यावर, म्हणजे खालच्या टेकायच्या कडेवर, नीट बसत नव्हता. मी व्हॉल्व्ह उलटा केला आणि उरलेला चुना अंगठ्यानं पुसला. प्रत्येक बसवलेल्या जिनसेवर खिळ्यानं तारीख कोरायची त्यांची सवय, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून. इथेही कोरली होती.

पंधरा तारीख. तोच महिना.

मी निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फोनवर मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. काम करून ते गप्प बसले होते, मी परत येऊन बघेन म्हणून. पुढचा दगड बंद घरात पाण्यानं चढवला, आणि दोन महिने त्याचा राग मी त्यांच्यावर काढला.

बसका घासला, वायसर धुतला, व्हॉल्व्ह बसवला, टाकी दोनदा साध्या पाण्यानं खळबळली. कॉक उघडला. पाणी चढलं, फ्लोट वर आला, धार बंद झाली. घर एकदम शांत झालं.

"बघितलं हो," मी म्हणाले. "छान केलंत." मग मी पाटावर बसून मोठ्यानं रडले, ते गेले त्यानंतर पहिल्यांदाच.