उजव्या पायाचा अंगठा

पुनर्वसन केंद्रात मी योगनिद्रा घेते. सगळे आडवे पडतात, मी एकेका अवयवाचं नाव घेते आणि त्यांनी फक्त तिथं लक्ष न्यायचं. हलायचं नाही, झोपायचंही नाही.

शिंपीकाकांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. म्हणून मी उजव्या पावलाची नावं गाळायला लागले. स्वतःला फार शहाणी समजत होते.

आठवड्यानं त्यांनी मला गाठलं. "बाई, माझा पाय का वगळता?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"विचारायचं तरी. झोपेत तो असतोच, शिलाई मशीनही चालवतो. पण तेव्हा तो गेलाय हे मला ठाऊक नसतं. जाग आली की पुन्हा नव्यानं जातो. ध्यानाला बसवता, तेव्हा पळणारं मन श्वासावर आणता आणता मी मेटाकुटीला येतो. पाय फिरकतही नाही. या तुमच्या योगनिद्रेत काही धरून ठेवावं लागत नाही. अंग सैल पडतं, मी आत टक्क जागा. पाय नाही हे माहीत असतं, तरी अंगठा कोमट लागतो."



दुसऱ्या दिवशी म्हटलं, "उजव्या पायाचा अंगठा." मग बोटं, तळवा, टाच. काकांचा श्वास संथ चालला होता. गुडघ्याखाली चादर सपाट होती.

पडदा सारखा करायला मी उठले. रांगेतून जाताना त्या सपाट चादरीला वळसा घातला. त्यांच्या पायावर माझा पाय पडला असता.