इंजेक्शन पेट्रोल पितं

शेडमध्ये गाडी एकच मावे. त्यामुळे बायकोने निकाल काढला : सोमवारी थंडीत जी आधी सुरू होईल ती राहील, दुसरी विकायची.

तिचा प्लंबर नवरा आपल्या गाडीच्या भरवशावर निर्धास्त होता. त्याची मोटारसायकल वीस वर्षांची, कार्ब्युरेटरची. पहाटे चोक ओढून चौदा-पंधरा किका मारल्याशिवाय हूं की चूं करत नसे. पण बिघडली तर जेट फुंकला, कार्ब्युरेटर धुतला, किरकोळीत काम झालं. बायकोची स्कूटर इंजेक्शनची, टाकीतल्या पंपाने इंजिनात पेट्रोल फवारणारी; बटण दाबलं की चालू. ती नर्स, पहाटे सहाची ड्यूटी.

"चालू होते, पण पिते किती!" तो तीन महिने घोकत होता. "माझी बघ, वासावर चालते."

चालणारच. तिने टाकी भरली की त्याच दुपारी, ती झोपल्यावर, हा कामाच्या पिशवीतली नळी स्कूटरच्या टाकीत सोडायचा आणि तळाला जेमतेम ठेवून बाकीचं पेट्रोल आपल्या गाडीत. चोरीपेक्षा त्याला ते पुराव्याचं काम वाटे.

सोमवारी बायकोने किल्ली फिरवली. पंपाची रोजची बारीक घूं आली नाही. बटण दाबलं, स्टार्टर गरगरला, इंजिन ढिम्म. इकडे चौदाव्या किकेला मोटारसायकल खोकली आणि धडधडली.

"जिंकलो!" प्लंबर म्हणाला.

गॅरेजात मेकॅनिकने स्कूटरचा पंप काढून हातात धरला. "जळालाय. वहिनी, हा पेट्रोलात बुडालेला असतो, त्यानेच थंड राहतो. टाकी कायम तळाला ठेवली की तापून जातो. नवा महाग आहे. चार दिवस लागतील."

"मी दर सोमवारी टाकी फुल करते, भाऊजी."

"मग पेट्रोल जातं कुठे?"

बायकोची नजर सावकाश नवऱ्याच्या पिशवीबाहेर लोंबणाऱ्या नळीवर गेली. नळीला पेट्रोलचा वास येत होता.

"अहो," ती इतक्या गोड आवाजात म्हणाली की मेकॅनिक पान्हा शोधायच्या निमित्ताने आत गेला, "तुमची गाडी जिंकली. राहू दे. पंपाचे पैसे तुम्ही भरा. आणि तो येईपर्यंत मला रोज पावणेसहाला सोडा."

मंगळवारी सतरा किका. बुधवारी बावीस, वर चोक. बायको स्वेटरमध्ये हात घालून मोठ्याने मोजत होती. शेजारीही खिडकीतून मोजू लागले. गुरुवारी प्लंबर लंगडत मेकॅनिककडे गेला.

"पंपाच्या बदल्यात माझी गाडी घे. तूच म्हणतोस ना, अशी गाडी आता होणे नाही?"

"खरंच नाही होणे, दादा." मेकॅनिकने हात पुसले आणि भिंतीला टेकलेल्या आपल्या इंजेक्शनच्या गाडीकडे बोट दाखवलं. "पण मला सकाळी कामावर यायचं असतं."

शुक्रवारी पंप बसला. प्लंबरने स्वतःच्या पैशाने स्कूटरची टाकी गच्च भरली, शेडमध्ये लावली, आणि जिंकलेली मोटारसायकल ढकलत बाहेर नेऊन तिच्यावर पाटी अडकवली : विकणे आहे. किक मजबूत.