कापसाचे ढीग

पावसाळ्याच्या तोंडावर टपालानं एक फोटू आल्ता. पाकिटावरचा शिक्का पाण्यानं फिसकटलेला, मागं एक अक्षर न्हाई. वरीसभर गायब असलेले आमचे मालक त्यात हातात दाताळं धरून उभे. मागं पांढरेशुभ्र ढीग, भुईवर आखलेले चौकोन, बाजूला विटाची भट्टी, अन् दोरीवर कायतरी वाळत घातलेलं.

"कापूस हाय," माझे सासरे म्हणाले. "आपला कडूबा सेलूच्या जिनात हाय, सरकी काढायच्या कारखान्यात."

आमच्या आष्टीच्या माणसाला पांढरा ढीग दिसला की कापूसच. मंग हिवाळ्यात तिकडचं एक जिन जळालं. मजूर गेले, मढी वळखू येईनात. सासरे जाऊन आले अन् दारातनंच म्हणाले, कडूबा गेला. बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या. लई रडले मी, घसा बसस्तोवर.

होळीच्या आधीच्या बाजारात अजमतभाई सुकटवाले बसल्ते. मुंबईकडून सुकी मासळी आणून विकतात. माणूस हिंडता, म्हणून उगाच फोटू दावला. सासरे जवळच उभे होते.

"कापूस कुठला बाई? ह्ये मीठ हाय," अजमतभाई म्हणाले. "हे चौकोन मिठागराचे, खाडीचं पाणी अडवून वाळवतात. दाताळ्यानं मीठ वढतात."

"अन् विटाभट्टी?" सासरे चिडले. "ती तं जालन्यातबी हाय!"

"भट्टी अन् मीठ कुठल्याबी खाडीवर असंल. पर ह्ये बघा." त्यांनी दोरीवर बोट ठेवलं. "बोंबील हायेत. जबड्यात जबडा अडकवून जोडी टांगलेली. वसईच्या अंगाला असंच वाळवतात. मी तिथूनच माल आणतो."

सासऱ्यांनी फोटू हातात घेतला. "म्हंजे जिनात नव्हता?"

"बिलकुल न्हाई. अन् ढिगावर गवत घालून राह्यलेत, भट्टीला धूर न्हाई. म्हंजे पाऊस जवळ, हंगाम संपला. मंग माणसं घरी जातात, दिवाळीनंतर परततात."

घरी जातात म्हणे! मी फोटूकडं पाहतच राह्यले. चार महिने सुट्टी होती. आगगाडी होती. मेले म्हणून छाती पिटली मी, अन् आता जिते म्हणतात तं डोळ्यात टिपूस यीना. राग न्हाई, आनंद न्हाई. आतून लाकूड झाल्तं.

"आता मीठ चालू हाय," अजमतभाई खुश होऊन म्हणाले. "मी परवा निघतो. माणूस तिथंच भेटंल. बाई, तुमी चला बराबर!"

सासरे हळूच म्हणाले, "गावाला सांगू नको गं आत्ताच."

मी पदर सावरला. बाजार चालूच होता.

"मी न्हाई येत," मी म्हणले. "भेटले तं एवढंच सांगा, तुमचं तेरावं झालं. सगळं गाव जेवून गेलं, कायबी कमी पडलं न्हाई."